सव्वीस अक्षरं

२००७ च्या ऑगस्टमध्ये मी बार्शीला एसटी स्टँडसमोरच्या एका मोबाइलच्या दुकानात कामाला होतो. हँडसेट दाखवणं, रिचार्ज मारणं, फुटलेला डिस्प्ले बदलणं, हौदात पडलेला फोन खोलून स्पिरिटनं पुसणं, जे पडेल ते. मालकांना सगळे अण्णा म्हणायचे. ते गल्ल्यावर बसत आणि दुरुस्तीतलं आपल्याला काही कळत नाही, असं मोठ्या अभिमानानं सांगत.

पंधरा ऑगस्टला दुकान अर्धा दिवसच उघडं होतं. सोळा तारखेला सकाळी शटर निम्मं वर केलं, तर बाहेर दहा-बारा माणसं उभी. श्रावण नुकताच लागलेला, हवेत ओल, आणि एका माणसानं फोन प्लास्टिकच्या पिशवीत बांधून पिशवी हात लांब करून धरलेली, जणू आत विंचू आहे. दुसऱ्यानं बॅटरी काढून एका खिशात ठेवली होती, फोन दुसऱ्या खिशात. एका मावशींनी फोन रात्रभर अंगणात तुळशीपाशी ठेवला होता. टीव्हीवर रात्रभर एकच बातमी चालली होती आणि गावानं तिचा आपल्यापुरता अर्थ लावला होता : नोकियाची बॅटरी फुटते. कुणी म्हणे फोन वाजला की फुटते, कुणी म्हणे लांबचा नंबर आला की फुटते.

अण्णा म्हणाले, “तू बघ रे काय ते.” आणि गल्ल्यावर बसून राहिले.

मी एवढंच केलं, की समोरच्या सायबर कॅफेत जाऊन मूळ सूचनेची प्रिंट काढून आणली. सगळी मिळून दीड-दोन पानं. माझं इंग्रजी कसंबसं, पण पेन्सिल घेऊन ती तीनदा वाचली. टीव्हीवर जे चाललं होतं आणि कागदावर जे होतं, त्यांत जमीन-अस्मानाचा फरक होता. त्या दिवसापासून मला एक सवय पडली आहे. कुठल्याही वस्तूबद्दल अशी सूचना निघाली, की बातमी बाजूला ठेवायची आणि कंपनीचा कागद वाचायचा. तो रुक्ष असतो, घाबरवत नाही आणि धीरही देत नाही. पण त्यातला एकेक शब्द तोलून घातलेला असतो.

कागदावर होतं ते असं. १४ ऑगस्ट २००७ रोजी नोकियानं बीएल-५सी या मॉडेलच्या बॅटऱ्यांबद्दल सूचना काढली होती. या मॉडेलच्या बॅटऱ्या अनेक पुरवठादार बनवत आणि तोवर सगळ्या मिळून ३० कोटींहून जास्त बनल्या होत्या. त्यांपैकी जपानच्या मात्सुशिता कंपनीनं (हीच पुढे पॅनासॉनिक या नावानं ओळखली जाऊ लागली) डिसेंबर २००५ ते नोव्हेंबर २००६ या काळात बनवलेल्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्यांपुरतीच ती सूचना होती. चार्जिंग चालू असताना क्वचित या बॅटरीत आत शॉर्टसर्किट होऊन ती तापते आणि जागेवरून निसटून बाहेर येते. जगभरात अशा सुमारे १०० घटना नोंदल्या गेल्या होत्या आणि त्यांत गंभीर इजा कुणाला झाल्याची नोंद नव्हती. ज्यांची बॅटरी या ढिगातली निघेल, त्यांना ती फुकट बदलून मिळणार होती.

या कागदाला कंपनीनं ‘रिकॉल’ म्हटलेलं नव्हतं, ‘प्रॉडक्ट अ‍ॅडव्हायजरी’ म्हटलं होतं. तेव्हा मला हा शब्दांचा खेळ वाटला. आता वाटतं, ग्राहकानं नावाकडे बघूच नये. माल परत मागवला आहे, की फक्त जपून वापरायला सांगितलं आहे, हे नावावरून कळत नाही. खाली ‘तुम्ही काय करायचं’ असं जिथं लिहिलेलं असतं, तिथं कळतं.

तो कागद म्हणजे एकाखाली एक ठेवलेल्या चाळण्या होत्या, हे मला तिसऱ्या वाचनात उमगलं. पहिली चाळणी मॉडेलची. बॅटरी बीएल-५सी नसेल तर विषय संपला, मग फोन नोकियाचा का असेना. दुसरी चाळणी बनवणाऱ्याची. तिसरी तारखेची. आणि चौथी, जी कुणाच्या लक्षातच येत नव्हती, ती प्रसंगाची : चार्जिंग चालू असताना. खिशात असताना नव्हे, फोन वाजताना नव्हे. नुसती ही चौथी गोष्ट मोठ्यानं सांगितली आणि मावशींनी फोन पदराला पुसून कमरेला खोचला.

पहिली चाळणी काउंटरवरच लावता येत होती. झाकण सरकवायचं, बॅटरी काढायची, पुढच्या बाजूला काय छापलंय ते वाचायचं. ११००, १६००, ६६००, ६०३०, एन७०... त्या काळी गावात जे जे फोन खपत त्यांतल्या बऱ्याच फोनांना हीच बॅटरी होती, त्यामुळे या चाळणीतून फारसे गळाले नाहीत. पण काही गळाले. बीएल-४सी ही दिसायला तिचीच सख्खी बहीण, आणि घाईत चार आणि पाच यांत गफलत होई.

अडचण दुसऱ्या आणि तिसऱ्या चाळणीची होती. बॅटरी मात्सुशितानं बनवली की आणखी कुणी, आणि ती २००६ च्या मे महिन्यातली की डिसेंबरातली, हे बघून माणसाला कळावं असं लेबलावर काही नव्हतं. लोणच्याच्या बरणीवर असते तशी उत्पादनाची तारीख तिथं नसते. ही माहिती बॅटरीच्या मागच्या बाजूला छापलेल्या एका लांबलचक ओळख क्रमांकात दडलेली, आणि तो क्रमांक उलगडायची किल्ली कंपनीकडे. म्हणून सूचनेत सांगितलं होतं, की मागचा क्रमांक बघा. तो २६ अक्षरांचा असेल तर तुमची बॅटरी या ढिगातली असू शकते, तेव्हा तो आमच्या वेबसाइटवर टाका किंवा फोनवर कळवा, मग आम्ही सांगू. क्रमांक २६ अक्षरांचा नसेल, तर चिंता नको.

‘असू शकते’ हा शब्द मी पेन्सिलीनं अधोरेखित केला होता. कारण दुपारपर्यंत गावात नवीन अफवा होती : सव्वीस अक्षरं मोजली आणि बरोबर भरली तर बॅटरी गेली. पेठेतल्या एका दुकानदारानं म्हणे तशा बॅटऱ्या गिऱ्हाइकांना फेकायला लावून नव्या विकल्या. २६ भरणं ही फक्त पुढच्या पायरीवर चढायची परवानगी होती. ३० कोटींतल्या ४ कोटी ६० लाख म्हणजे शंभरातल्या साधारण पंधरा. उरलेल्या पंच्याऐंशी बॅटऱ्या असलेल्या माणसांनी कंपनीला विचारलंच नाही, तर ती एक तर उगाच भिणार, नाही तर उगाच पैसे घालवणार.

आता खरं काम. सायबर कॅफेवाल्याशी अण्णांनी तासाला वीस रुपये ठरवले आणि मी एक शंभर पानी रजिस्टर घातलं : तारीख, गिऱ्हाईक, फोनचं मॉडेल, बॅटरीचा क्रमांक, उत्तर. मी काउंटरवर क्रमांक उतरवून घ्यायचा, तासाभरानं रजिस्टर घेऊन पलीकडे जायचं, एकेक टाइप करायचं आणि उत्तर लिहून आणायचं. सोपं वाटतं ना? पहिल्या दिवशी संध्याकाळी बघितलं, तर निम्म्या नोंदी निकामी होत्या.

पहिलं कारण असं, की माणसं भलताच क्रमांक घेऊन येत. पुष्कळ जण घरूनच चिठ्ठीवर क्रमांक लिहून आणायचे. काहींनी *#06# दाबून स्क्रीनवर आलेला पंधरा आकडी नंबर लिहिलेला असे. तो हँडसेटचा, बॅटरीशी त्याचा काही संबंध नाही. बॅटरी आज या फोनमध्ये, उद्या त्या फोनमध्ये. फोनच्या नंबरावरून तिचं गोत्र कसं कळणार?

दुसरी चूक जास्त फसवी होती. तेव्हाच्या अस्सल बॅटरीवर एक होलोग्रामचं लेबल असे. त्याच्या बाजूचा पट्टा नाण्यानं खरवडला की खाली वीस आकडी कोड निघायचा, दोन ओळींत, आधी वरची वाचायची मग खालची. तो कोड बॅटरी खरी की बनावट हे तपासण्यासाठी होता आणि त्याची तपासणीही वेगळी होती. वायरमनचं काम करणारा एक गिऱ्हाईक, हुशार माणूस, सोलापुरातल्या मित्राकडून तो कोड तपासून आला. उत्तर आलं होतं, बॅटरी अस्सल आहे. तो निर्धास्त. मी म्हटलं, “दादा, सूचनाच मुळी अस्सल बॅटऱ्यांबद्दल आहे. तुमची अस्सल निघाली म्हणजे आत्ता कुठं तुम्ही रांगेत उभे राहिलात.” त्याला पटायला वेळ लागला. मग त्याचा मागचा सव्वीस अक्षरी क्रमांक टाकला, आणि त्या आठवड्यात बदलून मिळायच्या यादीत निघालेल्या मोजक्या बॅटऱ्यांपैकी ती एक ठरली. एकाच पाच सेंटिमीटरच्या तुकड्यावर दोन क्रमांक, एकानं म्हटलं ‘ठीक’, दुसऱ्यानं म्हटलं ‘बदला’, आणि दोन्ही खरं बोलत होते. प्रश्न वेगळे होते.

निम्म्या नोंदी निकामी व्हायचं दुसरं कारण मी स्वतः. अक्षरं बारीक, लेबल वर्षभर झाकणाला घासून पुसट झालेलं, घामानं डागाळलेलं. इंग्रजी ओ आणि शून्य, आय आणि एक, बी आणि आठ, एस आणि पाच. सव्वीसपैकी एक अक्षर चुकलं तर काय होतं? नशीब चांगलं असलं तर क्रमांक अवैध आहे असं उत्तर येतं आणि आपण पुन्हा बघतो. नशीब वाईट असलं तर चुकीचा क्रमांकही कुठल्या तरी दुसऱ्या बॅटरीला लागू पडतो आणि तिचं उत्तर आपल्याला मिळतं. ‘अवैध’ म्हटलं की माणूस सावध होतो. ‘तुमची बॅटरी यादीत नाही’ म्हटलं की खूश होऊन घरी जातो. म्हणून चुकीचं ‘नाही’ सगळ्यांत घातक.

दुसऱ्या दिवशी मी पद्धत बदलली. चिठ्ठ्या घेणं बंद. बॅटरी हातात घेऊनच क्रमांक उतरवायचा. लेबल कोरड्या मऊ फडक्यानं पुसायचं, स्पिरिट अजिबात नाही, कारण स्पिरिटनं शाईच निघते; एकाची मी अशीच घालवली आणि त्याची माफी मागितली. टेबललॅम्प समोरून न धरता बाजूनं धरायचा, म्हणजे पुसट छपाई उठून दिसते. घड्याळदुरुस्तीचं डोळ्याला लावायचं भिंग शेजारच्या दुकानातून उसनं आणलं. आणि क्रमांक सलग लिहायचा नाही. पाच-पाचचे चार गट आणि शेवटचा सहाचा. सलग सव्वीस लिहिताना मध्ये एक अक्षर गाळलं तरी डोळा फसतो, गटात गाळलं तर गट तोकडा दिसतो. मी उतरवलेला क्रमांक गिऱ्हाइकानं बॅटरीकडे बघत मोठ्यानं वाचायचा आणि मी रजिस्टरवर बोट ठेवून जुळवायचा. म्हातारी माणसं असली की त्यांच्यासोबतचा शाळकरी नातू हे काम करायचा, आणि झकास करायचा.

या सगळ्यात लक्षात राहिले ते एक मास्तर. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले, धोतर-टोपी, हातात नोकिया ६०३० आणि छत्री. ते पावती घेऊनच आले होते. “हा फोन मी मार्च २००७ मध्ये घेतला. तुमच्या कागदात नोव्हेंबर २००६ पर्यंत लिहिलंय. म्हणजे मी बाहेर. उगाच तपासत बसू नका, तुमचाही वेळ जातो.” हिशेब चोख होता आणि चूक होता. सूचनेतली तारीख बॅटरी बनल्याची. पावतीवरची तारीख फोन विकल्याची. मधे कारखाना, जहाज, गोदाम, मुंबईचा वितरक, सोलापूरचा वितरक, आणि आमच्यासारख्यांची फळी. ऑक्टोबरमध्ये बनलेली बॅटरी मार्चमध्ये गिऱ्हाइकाच्या हातात पडणं यात नवल काहीच नाही. मास्तर क्षणभर थांबले, मग म्हणाले, “म्हणजे जन्मतारीख आणि शाळेत घातल्याची तारीख.” पुढं महिनाभर मी प्रत्येक गिऱ्हाइकाला त्यांचंच हे वाक्य ऐकवत होतो.

उलट दिशेनंही हीच फसगत होते. एकानं फोन २००४ साली घेतलेला, म्हणून तो निश्चिंत. पण त्याची बॅटरी मधे कमजोर झाल्यावर त्यानं २००६ च्या दिवाळीत नवीन टाकली होती, आणि ते तो विसरून गेला होता. बॅटरी, चार्जर, केबल असे सुटे भाग जिथं बदलता येतात, तिथं मूळ वस्तूची पावती कामाची नसते. हातातल्या तुकड्यावर जे छापलंय तेच वाचायचं. मास्तरांचा क्रमांक टाकला. उत्तर आलं, नाही. ते म्हणाले, “तरी बरं, तपासलं.”

चौथ्या-पाचव्या दिवशी रजिस्टर चाळताना मला एक विचित्र गोष्ट दिसली. एके दिवशी वैरागच्या एका माणसाचा आणि नंतरच्या दिवशी बार्शीतल्याच एका मुलीचा क्रमांक अक्षरन् अक्षर सारखा होता. आधी वाटलं, माझीच चूक, वरचं खाली उतरवलं गेलं. मुलगी जवळच राहत होती, तिला बॅटरी घेऊन परत बोलावलं. क्रमांक बरोबर होता. मग वैरागवाल्याला फोन करून तो क्रमांक वाचायला लावला, त्याचाही बरोबर. ओळख क्रमांक प्रत्येक नगाला वेगळा असायला हवा. दोन नग, एक क्रमांक, याचा अर्थ कुणी तरी एका अस्सल बॅटरीच्या लेबलाचा फोटो काढून त्याचा साचा बनवला होता आणि हजारो तुकड्यांवर तोच छापला होता.

होलोग्राम बघितला तर खात्रीच पटली. अस्सल होलोग्राम तिरका केला की एका कोनातून हात मिळवणाऱ्या दोन हातांची खूण दिसायची, दुसऱ्या कोनातून कंपनीच्या अस्सल साहित्याचा लोगो. आणि डावी, उजवी, खाली, वर अशा बाजूंना कलवला की एक, दोन, तीन, चार असे ठिपके क्रमानं दिसायचे. या दोन्ही बॅटऱ्यांवर नुसती चकाकी होती, कशीही फिरवा. दोघांच्याही रकान्यात मी ‘यादीत नाही’ असं लिहिलेलं होतं, आणि ते खोटं नव्हतं. मात्सुशितानं त्या बनवल्याच नव्हत्या, तर तिच्या यादीत त्या कशा असणार?

पण त्यांना ‘नाही’ सांगून घरी पाठवलं होतं ते मी. त्या मुलीच्या चेहऱ्यावरचा सुटकेचा भाव मला आठवत होता. ज्या बॅटरीच्या आत काय आहे हे कुणालाच ठाऊक नाही, जिच्यात संरक्षक सर्किट आहे की नाही याची खात्री नाही, तिच्याबद्दल मी तिला धीर दिला होता. यादी फक्त एकाच कारखान्याच्या एका काळातल्या एका दोषाबद्दल बोलते. त्या पलीकडे तिला बोलता येत नाही, आणि न बोलणं म्हणजे होकार नव्हे. त्यानंतर मी रजिस्टरमध्ये होलोग्रामचा वेगळा रकाना आखला आणि तो आधी भरायचा, क्रमांक नंतर. बनावट निघाली तर क्रमांक टाकायचाच नाही. अण्णांना हे फारसं आवडलं नाही, कारण असल्या बॅटऱ्या आपल्याही फळीवर होत्या. दोन दिवस आमचं बोलणं तुटक झालं. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच तो डबा खाली काढला आणि आतल्या खोलीत ठेवला. फेकला नाही, पण विकलाही नाही. तेवढं मला त्या वेळी पुष्कळ वाटलं.

सूचनेतला एक भाग असा होता, की तो आमच्याकडे जसाच्या तसा लागूच होईना. दोष चार्जिंगच्या वेळी दिसतो, तर बदली बॅटरी हातात येईपर्यंत चार्जिंगवर लक्ष ठेवायचं आणि भरली की काढून घ्यायची, हे सरळ दिसतं. पण २००७ सालचं भारनियमन आठवा. खेड्यात दिवसाचे कितीतरी तास वीज नाही. शेतीची वीज यायची ती रात्री. मोटार चालू करायला माणूस विहिरीवर जायचा तेव्हा फोन सोबत न्यायचा आणि मोटारीच्या कोठीत, ठिबकच्या नळ्या नि रिकाम्या पोत्यांशेजारी, चार्जिंगला लावून पाणी धरायला जायचा. लक्ष कोण ठेवणार? काही जणांकडे तर बॅटरी बाहेर काढून चिमट्यात धरायचे युनिव्हर्सल चार्जर होते. भरल्यावर ते नीट थांबतात की नाही, देव जाणे. ज्यांची बॅटरी यादीत निघाली, त्यांना मी वेगळंच सांगायचो : ही बॅटरी आजपासून चार्जच करू नका, बदली येईपर्यंत दुसरी वापरा. ज्यांना ते शक्य नव्हतं, त्यांना सांगितलं की फोन फरशीवर किंवा पाटीवर ठेवा, पोत्यावर, गादीवर, उशीखाली नाही; सोबतचाच चार्जर वापरा; आणि जागे असाल तेव्हाच लावा. कंपनीच्या कागदात पोती नव्हती. ती असणारही नव्हती.

तापते म्हणजे आत होतं काय, असं एका मुलानं विचारलं. मी एक मेलेली जुनी बॅटरी घेऊन कागदावर चित्र काढून दाखवलं. आत दोन पट्ट्या असतात, एक धन, एक ऋण, आणि त्यांच्यामध्ये पातळ सच्छिद्र प्लास्टिकचा पडदा. तिन्ही मिळून पानाच्या विड्यासारख्या गुंडाळलेल्या. पडदा शाबूत आहे तोवर सगळं ठीक. तो कुठं फाटला, किंवा बनवताना धातूचा कण आत राहून त्यानं त्याला भोक पाडलं, तर दोन पट्ट्या थेट भिडतात आणि साठवलेली सगळी ऊर्जा त्या एका ठिपक्यातून वाट काढते. आदल्याच वर्षी, ऑगस्ट २००६ मध्ये, डेलनं लॅपटॉपच्या सोनीनं बनवलेल्या ४१ लाख बॅटऱ्या परत मागवल्या होत्या, त्या अशा धातूच्या कणांपायीच. म्हणूनच असा दोष एखाद्या ठरावीक काळातल्या मालात येतो : एखादं यंत्र झिजतं, एखाद्या विभागात किस पडू लागतो, आणि ते लक्षात येऊन दुरुस्त होईपर्यंतचा सगळा माल संशयित ठरतो. बॅच म्हणजे तेवढा काळ. त्यातलाही बहुतेक माल धडधाकट असतो. ४ कोटी ६० लाखांत घटना शंभरेक. पण नेमका कुठला नग बिघडणार हे बाहेरून ओळखायची सोय नाही, म्हणून सगळाच बदलायचा.

बाहेरून ओळखता येते ती वेगळी गोष्ट : फुगणं. आमच्याकडे त्याची साधी परीक्षा होती. बॅटरी काचेच्या काउंटरवर आडवी ठेवायची आणि बोटानं टिचकी मारून फिरवायची. सपाट बॅटरी अर्ध्या फेरीत अडते. फुगलेली भोवऱ्यासारखी फिरते. पोरांना तो खेळच झाला होता. पण फुगणं आणि यादीत असणं यांचा मेळ घालू नये. जुनी झाली, जास्त चार्ज झाली, उन्हात राहिली, तरी फुगते. न फुगलेली बॅटरी यादीत निघाली आणि फुगलेली निघाली नाही, असं दोन्ही आमच्याकडे झालं. फुगलेली मात्र यादी न बघताच बाजूला काढायची. तिच्या तिन्ही पितळी टोकांवर चिकटपट्टी लावायची, म्हणजे किल्ल्या-नाण्यांशी भिडून शॉर्ट होणार नाही, आणि वाळूच्या डब्यात ठेवायची. तो डबा अण्णांनी गणपतीच्या दिवसांत आरास करायला मागितला होता. मी दिला नाही.

आता माझं स्वतःचं दुकान आहे, त्याच रस्त्यावर, जरा पुढं. बॅटऱ्या फोनच्या पोटात बंद झाल्या, झाकण सरकवायची सोय राहिली नाही, तरी असे प्रसंग येतच राहतात. २०२५ च्या जूनमध्ये अमेरिकेत अँकर कंपनीनं ए१२६३ या मॉडेलच्या पॉवर बँका परत मागवल्या, तिथं जून २०१६ ते डिसेंबर २०२२ या काळात विकलेल्या, अकरा लाखांच्या वर. न्यू जर्सीहून भाच्याचा फोन आला. त्यानं काही वर्षांपूर्वी सुट्टीत येताना तसलीच एक मला आणली होती. “मामा, ती अजून आहे का?” ती होती, आणि रोज वापरात होती.

मी ती पालथी केली. मॉडेलचा क्रमांक जुळत होता. भाचा म्हणाला, “झालं तर मग, टाकून दे.” मी म्हटलं, “थांब. हे नुसतं मॉडेल झालं. सिरीयल नंबर टाकावा लागेल.” सूचना अमेरिकेतली, पण तुकडा तिथंच विकत घेतलेला, तो आज बार्शीत आहे म्हणून त्याचं बनणं बदलत नाही. अर्ज त्यालाच भरावा लागणार होता, खरेदी त्याची. अर्जासोबत फोटोही हवा होता, ज्यात मॉडेल, सिरीयल आणि तारीख दिसेल, आणि पॉवर बँकेवर न पुसणाऱ्या मार्करनं ती परत मागवलेली असल्याचं लिहिलेलं असेल. म्हणजे तीच पुन्हा कुणी वापरू नये, विकू नये. २००७ साली आम्हाला हे सुचलं नव्हतं; यादीतल्या बॅटऱ्यांवर तेव्हा मी लाल नेलपॉलिशचा ठिपका लावायचो, बहिणीच्या बाटलीतलं.

व्हिडिओ कॉल लावला. बाजूनं टॉर्च धरली, चष्मा कपाळावर सरकवला आणि सिरीयल वाचायला लागलो. तो तिकडं भराभर टाइप करू लागला.

“असं नाही,” मी म्हटलं. “आधी कागद घे. पाच-पाच लिही. आणि झालं की तू मला वाचून दाखव.”